छातीच्या एक्स-रेमध्ये बरगड्याही असतात: बालरोगतज्ज्ञांना आणि क्ष-किरणतज्ज्ञांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

मी लहान मुलांच्या रक्तविकारांवर आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणावर काम करते. हे पत्र तुम्हाला लिहितेय, कारण ऑस्टिओपेट्रोसिसचं बाळ आमच्याकडे येतं ते तुमच्या हातून. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याच्या डोळ्यांचं काय उरलेलं असेल, ते बहुतेक वेळा तुमच्या टेबलावरच ठरून गेलेलं असतं.

एका बाळाची हकीकत सांगते. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे, बाकी सगळं जसं घडलं तसं.

मुलगी. दुसरं अपत्य, पूर्ण दिवसांची, वजन चांगलं. पाचव्या आठवड्यापासून नाक चोंदलेलं, दूध पिताना दम लागायचा. सातव्या आठवड्यात श्वासाची घरघर वाढली म्हणून छातीचा एक्स-रे काढला. अहवाल दोन ओळींचा होता: फुप्फुसं स्वच्छ, हृदयाचा आकार नेहमीसारखा. नाकात सलाइनचे थेंब घालायला सांगून बाळाला घरी पाठवलं. दहाव्या आठवड्यात झटका आला. रक्तातलं कॅल्शियम ६.३ निघालं. शिरेतून कॅल्शियम दिलं, ‘ड’ जीवनसत्त्व सुरू केलं, झटके थांबले. चौदाव्या आठवड्यात आई म्हणाली, "ही माझ्याकडे बघत नाही. आवाजाकडे वळते, चेहऱ्याकडे नाही." काही बाळं उशिरा नजर धरतात, असं उत्तर तिला मिळालं. सतराव्या आठवड्यात बाळ पांढरंफटक पडलं. हिमोग्लोबिन ६.४, प्लेटलेट ३८ हजार, प्लीहा बेंबीच्या रेषेपर्यंत वाढलेली. ल्युकेमियाचा संशय आला. मज्जा काढायला दोनदा सुई घातली आणि दोन्ही वेळा सिरिंजमध्ये काहीच आलं नाही. तिसऱ्या प्रयत्नाला ज्या डॉक्टरांनी सुई धरली, त्यांनी मला फोनवर सांगितलं, "मॅडम, सुई आत जातच नाही. दगडात खिळा ठोकल्यासारखं वाटतंय." त्या एका वाक्यावरून मी जुना एक्स-रे मागवला.

तो सातव्या आठवड्यातला एक्स-रे मी अजून जपून ठेवला आहे. फुप्फुसं खरंच स्वच्छ आहेत. अहवालात एकही शब्द चुकीचा नाही. पण बरगड्या खडूच्या कांडीसारख्या पांढऱ्या आहेत, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारख्या. साध्या बाळाच्या बरगडीला दोन बाजूंना बारीक पांढरी रेघ असते आणि मधे करडी पोकळी दिसते. ही पोकळी म्हणजे मज्जेची जागा. इथे ती नाही. फिल्मच्या कोपऱ्यात दंडाच्या हाडाचं वरचं टोक आलं आहे. ते पसरट झालंय, त्याची कड झिजलेल्या ब्रशसारखी विस्कटलेली आहे, आणि टोकाखाली फिकट आणि गडद असे आडवे पट्टे आहेत. पाठीच्या मणक्यांकडे नीट पाहिलं तर प्रत्येक मणक्याच्या आत आणखी एक छोटा मणका रेखाटल्यासारखा दिसतो. हाडात हाड म्हणतात ते हेच. निदानाला लागणारं सगळं त्या एका फिल्मवर होतं. मधल्या दहा आठवड्यांत ते कुणी पाहिलं नाही, कारण सगळ्यांची नजर फुप्फुसांवर होती.

दोष कुणा एकाचा म्हणून हे सांगत नाही. घाईच्या ओपीडीत मी असते तर मीही फुप्फुसंच बघितली असती. शिवाय हा आजार फसवा आहे. फिल्म पांढरी दिसली की एक्स्पोजर कमी पडलं असं वाटतं. डिजिटल यंत्रावर तर आपण उजेड-अंधार फिरवून फुप्फुसं छान दिसेपर्यंत चित्र जुळवतो आणि त्यात हाडांचा पांढरेपणा हरवून जातो. म्हणून फिल्म किती पांढरी आहे ते सोडा. कडा आणि पोकळी वेगळ्या दिसतात का, एवढंच पाहा. एक्स्पोजर थोडंफार चुकलं तरी निरोगी हाडात त्या वेगळ्या दिसतात. इथे एक सावधगिरी हवी. नवजात बाळाची हाडं पहिले काही आठवडे मुळातच थोडी दाट दिसू शकतात आणि मणक्यात हलकी ‘हाडात हाड’ छटाही उमटू शकते. ती आपोआप मावळते. त्या छटेसोबत वाढलेली प्लीहा, कमी हिमोग्लोबिन, कमी कॅल्शियम किंवा न ठरणारी नजर यांतलं काहीही असेल, तर मात्र ती मावळायची वाट पाहत बसू नका.

पाठ्यपुस्तकात या आजाराचं जे चित्र असतं ते जरा मोठ्या रुग्णाचं असतं: मांडीच्या हाडाचं खालचं टोक प्रयोगशाळेतल्या चंबूसारखं फुगलेलं आणि मणके सँडविचसारखे, वर-खाली गडद थर, मधे फिकट. हॅम्बुर्गच्या हाइनरिश आल्बर्स-शोनबर्ग यांनी १९०४ साली एक्स-रेवरून हा आजार पहिल्यांदा वर्णिला तो एका तरुण माणसातला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा मोठ्यांमधला प्रकार बराच सौम्य असतो. हाडं मोडतात, जबड्यात जंतुसंसर्ग होतो, पण माणूस आयुष्य काढतो आणि त्याला सहसा प्रत्यारोपण लागत नाही. मी ज्या प्रकाराबद्दल लिहितेय तो आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्याने होतो. अडीच लाख जन्मांमागे साधारण एका बाळाला तो होतो. त्या बाळाच्या फिल्मवर चंबू शोधत बसलात तर चुकाल, कारण चंबू तयार व्हायला हाडाला वाढायला वेळ मिळावा लागतो.

आता हे का होतं ते. आपलं हाड रोज थोडं मोडलं जातं आणि रोज थोडं बांधलं जातं. मोडायचं काम ऑस्टिओक्लास्टचं. ही पेशी हाडातली म्हणून ओळखली जात असली तरी तिचं माहेर मज्जेत आहे. रक्तातल्या मोनोसाइट पेशी एकमेकींत मिसळून ती बनते, म्हणून तिच्यात अनेक केंद्रकं असतात. ती हाडाला चिकटते, कडेने घट्ट सील करते आणि त्या बंद जागेत आम्ल सोडते. आम्लात खनिज विरघळतं, मग उरलेलं प्रथिन तिची विकरं पचवतात. आम्ल सोडायला पेशीच्या पटलात एक पंप लागतो. या बाळांपैकी साधारण निम्म्यांत बिघाड असतो तो याच पंपाच्या एका भागात, टीसीआयआरजी-१ नावाच्या जनुकात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर ऑस्टिओक्लास्ट भरपूर असतात, नेहमीपेक्षा जास्तच. त्या हाडावर बसलेल्या असतात, आणि हाडाला साधी खाचसुद्धा पडलेली नसते.

मोडणं थांबलं की बांधणं काही थांबत नाही. गर्भात कूर्चेचा जो कच्चा सांगाडा असतो तो काढला न जाता तसाच आत राहतो आणि त्यावर हाडाचे थर चढत जातात. म्हणून हे हाड दाट असूनही ठिसूळ असतं. मज्जेची पोकळी कोरली जात नाही, म्हणून सुईत काही येत नाही. रक्त तयार करायचं काम प्लीहा आणि यकृत अंगावर घेतात, म्हणून पोट वाढतं आणि रक्ताच्या काचपट्टीवर केंद्रक असलेल्या लाल पेशी व अर्धवट वाढीच्या पांढऱ्या पेशी दिसतात. ल्युकेमियाचा संशय येतो तो इथूनच. हाडातून कॅल्शियम सुटं होत नाही, म्हणून हाडात ते ठासून भरलेलं आणि रक्तात मात्र खडखडाट. आमच्या बाळाच्या दंडाच्या हाडाची कड विस्कटलेली होती ती मुडदुसामुळे. अतिदाट हाडांत मुडदूस, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. पण रक्तात कॅल्शियम नसेल तर नवी कूर्चा कठीण होणार कशी?

आणि कवटी. तिच्या तळाशी जी छिद्रं आहेत त्यांतून नसा बाहेर पडतात. बाळ वाढतं तशी ही छिद्रं मोठी व्हायला हवीत, त्यासाठी कडेचं हाड खाल्लं जायला हवं. ते खाल्लं जात नाही. नाकाचा मागचा मार्ग अरुंद होतो, म्हणून ते पाचव्या आठवड्यातलं चोंदलेलं नाक. डोळ्याची नस ज्या बोगद्यातून जाते तो आवळत जातो. या बाळांच्या आया सांगतात, "ती बघत नाही." ते पहिल्या तीन-चार महिन्यांतलं लक्षण असतं आणि प्रत्यारोपणाची घाई ज्याच्यासाठी करायची ते हेच. रक्त चढवता येतं, कॅल्शियम देता येतं, मोडलेलं हाड जुळतं. मेलेली नस परत येत नाही.

मज्जा बदलली की हाड सुधारतं, यामागचं तर्कशास्त्र सरळ आहे. ऑस्टिओक्लास्ट मज्जेतून येते, म्हणून निरोगी मज्जा दिली की निरोगी ऑस्टिओक्लास्ट येतील. आधी १९७० च्या दशकात उंदरांवर हे दिसलं. मग १९८० साली पाच महिन्यांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिल्याचं प्रसिद्ध झालं. मला त्या प्रयोगातला एक बारकावा फार आवडतो. नंतर हाडाचा तुकडा तपासला तेव्हा ऑस्टिओक्लास्टमध्ये वाय गुणसूत्राची खूण सापडली, म्हणजे त्या भावाच्या होत्या. हाड बांधणाऱ्या पेशींत ती खूण नव्हती, त्या मुलीच्याच होत्या. एकाच हाडावर भावाच्या पेशी मोडत होत्या आणि बहिणीच्या बांधत होत्या.

पण हेच तर्कशास्त्र मर्यादाही सांगतं. काही थोड्या बाळांत ऑस्टिओक्लास्टचा पंप ठीक असतो, पण तिला बोलावणारा रँकल नावाचा संदेशच बनत नाही. हा संदेश मज्जेच्या रक्तपेशी देत नाहीत, हाडाच्या बाजूच्या पेशी देतात. नव्या मज्जेलाही बोलावणं पोचणार नाही, म्हणून प्रत्यारोपण व्यर्थ. दुसरा गट त्याहून दुःखद. ओएसटीएम-१ जनुक बिघडलेल्या आणि सीएलसीएन-७ बिघडलेल्या काही बाळांत मेंदूतल्या चेतापेशी आपणहून झिजतात. तिथे हाड सुधारेल, मूल सुधारणार नाही. म्हणून जनुकतपासणी पहिल्याच दिवशी पाठवायची. अहवाल येईस्तोवर थांबायचं मात्र नाही. दात्याचा शोध, डोळ्यांची तपासणी, मेंदूचा एमआरआय आणि ईईजी हे सगळं त्याच आठवड्यात सोबत चालू करायचं. अहवाल हातात येईल तेव्हा निर्णय घेता यायला हवा.

आता माझी तुमच्याकडे मागणी. क्ष-किरणतज्ज्ञांना विनंती की सहा महिन्यांखालच्या बाळाच्या छातीच्या प्रत्येक फिल्मवर अहवालात हाडांबद्दल एक ओळ लिहा. ‘बरगड्या आणि दंड: कड व पोकळी वेगळी दिसते’ किंवा ‘दिसत नाही’. ओळ लिहायची असेल तर नजर तिकडे वळतेच. आणि ‘दिसत नाही’ लिहिलंत, तर अहवाल नुसता पाठवू नका, फोन उचला.

बालरोगतज्ज्ञांसाठी दोन गोष्टी. या बाळाला रक्त द्यावं लागलं तर घरच्यांचं रक्त देऊ नका. आई, बाबा, काका धावत येतात आणि त्यांना नाही म्हणणं जड जातं, हे मी जाणते. पण उद्या त्यांच्यातलाच कुणी मज्जेचा दाता असू शकतो, आणि त्याच्या पेशींची बाळाच्या शरीराला आधीच ओळख झाली तर मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो. रक्त बाहेरच्या दात्याचं, पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि किरणोत्सर्ग दिलेलं हवं. दुसरी गोष्ट, आई म्हणाली ‘बघत नाही’ तर त्याच आठवड्यात डोळ्याचा पडदा आणि व्हीईपी तपासणी करा. व्हीईपी म्हणजे उजेडाचा संदेश मेंदूपर्यंत पोचतो का हे मोजणारी तपासणी. पडदा बऱ्याच वेळा ठीक दिसतो आणि व्हीईपी आधी बिघडते, म्हणून एकट्या पडद्यावर विसंबू नका.

आमच्या बाळाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. ती आमच्याकडे अठराव्या आठवड्यात आली. डाव्या डोळ्याची व्हीईपी सपाट होती, उजव्याची लहर उशिरा आणि कमी उंचीची. टीसीआयआरजी-१ मध्ये दोन दोष सापडले, एक आईकडून, एक बाबांकडून. चार वर्षांच्या भावाची मज्जा पूर्ण जुळली. त्याच्यात एक दोष होता, म्हणजे तो वाहक होता. आजी घाबरून गेली, "आजाराच्याच घरातली मज्जा पुन्हा द्यायची?" मी तिला सांगितलं, "आजी, बाबांमध्येही एक दोष आहेच ना? त्यांची हाडं ठीक आहेत. एक चांगली प्रत पुरते." वाहक भावंडाची मज्जा चालते, हे घरच्यांना लवकर सांगावं, नाहीतर चांगला दाता घरात असून शोध बाहेर सुरू होतो.

या बाळांत मज्जेच्या मूळ पेशी रक्तात मोठ्या संख्येने फिरत असतात, कारण त्यांना राहायला पोकळीच नाही. याचा एक फायदा आम्ही घेतला: तिच्या स्वतःच्या पेशी आधी गोळा करून गोठवून ठेवल्या. नवी मज्जा रुजली नाही तर परतायला वाट हवी. मग जुनी मज्जा हटवायची औषधं. इथे धोका खरा आहे. यकृतातल्या बारीक शिरा तुंबणं या आजारात जास्त दिसतं, फुप्फुसांतला रक्तदाब वाढू शकतो, मज्जा नाकारली जाऊ शकते. १९३ रुग्णांचा जो मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात जुळत्या भावंडाची मज्जा मिळालेल्यांपैकी ६२ टक्के आणि इतर दात्यांची मिळालेल्यांपैकी ४२ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते. त्यातली बरीच प्रत्यारोपणं जुन्या औषधपद्धतीची होती, आणि फ्लुडाराबिनवर आधारलेल्या नव्या पद्धतींनी निकाल सुधारले आहेत. पण घरच्यांपासून मी हे आकडे लपवत नाही. प्रत्यारोपण न करता या प्रकारातली बहुतेक मुलं पहिल्या दहा वर्षांतच जातात, तेही त्यांना सांगते.

तिची मज्जा एकोणिसाव्या दिवशी रुजली. मधले नऊ दिवस यकृत सुजलं होतं, वजन चढत होतं, मी रोज सकाळी आधी तिचं वजन विचारायची. हाडाची पहिली खूण एक्स-रेवर नव्हती, रक्तात होती. प्रत्यारोपणानंतरच्या पाचव्या आठवड्यापासून कॅल्शियमचे डोस कमी करावे लागले, कारण हाड आपलं कॅल्शियम सोडू लागलं होतं. वय जास्त असेल तर हीच चांगली खूण संकट होते. माझ्याकडे तीन वर्षांचा एक मुलगा होता. तीन वर्षं साठलेलं कॅल्शियम नव्या पेशींनी एकदम सोडायला सुरुवात केली आणि त्याचं रक्तातलं कॅल्शियम १५ पर्यंत चढलं. आधी त्याचा तोल गेला, मग मूत्रपिंडाचं काम मंदावलं. सलाइन, कॅल्सिटोनिन आणि नंतर हाड-मोड थांबवणारी औषधं देऊन ते खाली आणावं लागलं. हाड मोडणाऱ्या पेशी आणण्यासाठी एवढा खटाटोप केला आणि मग त्यांनाच थोडं आवरावं लागलं. बाळ सहा महिन्यांच्या आत आलं तर साठाच कमी असतो, आणि हा त्रास सहसा सौम्य राहतो.

तीन महिन्यांनी काढलेल्या फिल्मवर बरगड्यांच्या मधे करडी रेघ उमटू लागली होती. वर्षाच्या फिल्मवर दंडाचं हाड साध्या बाळासारखं दिसतं, फक्त मधोमध जुन्या दाट हाडाचा एक पट्टा राहिला आहे, तो हाडाच्या वाढीसोबत टोकापासून लांब सरकतोय. प्लीहा आता बरगडीखाली हाताला लागत नाही. उजव्या डोळ्याने ती रंग ओळखते, जमिनीवर पडलेला मणी चिमटीत उचलते. डाव्या डोळ्याला खिडकीचा उजेड कळतो, बाकी काही नाही.

सातव्या आठवड्यात व्हीईपी झाली असती तर डाव्या डोळ्याची लहर कशी आली असती, हे मला कधी कळणार नाही. त्या अहवालाच्या दोन ओळींत तिसरी ओळ असती, तर ती आमच्याकडे आठव्या आठवड्यात आली असती, अठराव्यात नाही.

आपली,
लहान मुलांच्या रक्तविकार आणि मज्जा प्रत्यारोपण विभागातली एक डॉक्टर